क्लासच्या पानावर काय हवं? फ्रीलान्सरला लिहायचा ई-मेल

“आमच्या क्लाससाठी छान, आकर्षक पेज बनवायचं आहे. सगळी माहिती सोबतच्या पॅम्प्लेटमध्ये आहे. लवकर करून द्या.”

वेबसाइट बनवून देणाऱ्या फ्रीलान्सरना शिकवणी वर्गांकडून येणारे ई-मेल बहुतेकदा एवढेच असतात. फ्रीलान्सर मग हाताशी असलेला तयार साचा घेतो. वर पुस्तकं धरून हसणाऱ्या परदेशी मुलांचा फोटो, खाली ‘अनुभवी शिक्षकवृंद’, ‘वैयक्तिक लक्ष’, ‘उत्कृष्ट निकालाची परंपरा’. पान दिसायला नीटनेटकं होतं. पण त्यावरचं क्लासचं नाव बदललं तर ते नांदेडच्या नीट अकॅडमीला किंवा ठाण्याच्या इंग्रजी शिकवणीलाही तसंच चालेल. मालकांना काहीतरी कमी वाटतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. रंग बदलले जातात, फोटो बदलले जातात, आठवडे जातात. उणीव रंगात नसतेच. क्लासबद्दल जे फक्त मालकांना माहीत आहे, ते पानापर्यंत पोचलेलं नसतं, आणि ते पोचवण्याचा एकमेव रस्ता हा पहिला ई-मेल असतो.

उदाहरणादाखल सांगलीच्या विश्रामबाग भागातला एक क्लास डोळ्यांसमोर आणू. अकरावी-बारावी कॉमर्स, दोन वर्ग, प्रत्येकी पस्तीसेक मुलं. बुक कीपिंग स्वतः बाई शिकवतात; इकॉनॉमिक्सला एक सर आहेत, ओसीएम आणि एसपीला दुसऱ्या मॅडम. मुलं विश्रामबागच्या कॉलेजांतली, त्यांतली बरीच माधवनगर, बुधगाव, मिरजेहून येणारी. बाईंना लँडिंग पेज हवं आहे, म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर किंवा गुगलवरच्या क्लासच्या नावावर बोट टेकवलं की उघडणारं एकच पान. अशा क्लासचा ई-मेल कसा सुरू व्हायला हवा?

“नमस्कार. विश्रामबागला आमचा अकरावी-बारावी कॉमर्सचा क्लास आहे. आम्हाला एकच पान हवं आहे. ते बघून पालकांनी फोन करावा किंवा व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकून मोफत डेमो लेक्चरची वेळ ठरवावी, एवढंच काम त्या पानाकडून हवं आहे. ऑनलाइन फी भरणं, विद्यार्थ्यांचं लॉगिन, व्हिडिओ लेक्चर, ब्लॉग यांपैकी काहीही नको.”

या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य सर्वांत जास्त पैसे वाचवतं. काय नको हे लिहिलं नाही, तर फ्रीलान्सर ‘पुढे लागेल’ म्हणून मेन्यू ठेवतो, मेन्यूत पाच पानं ठेवतो, आणि त्यातली तीन ‘लवकरच येत आहे’ या पाटीसह कायमची रिकामी राहतात. शिवाय काम एकच असलं की पानावरच्या प्रत्येक गोष्टीला एकच कसोटी लागते : यामुळे पालक फोन करायला एक पाऊल पुढे येतात का? नाही, तर ती गोष्ट काढायची.

पुढचा भाग लिहायला संगणकाची माहिती लागत नाही. क्लासच्या फोनवर रोज येणारे प्रश्न आठवावे लागतात. एप्रिल ते जुलै या काळात कॉमर्स क्लासला येणाऱ्या फोनवर साधारण तेच ते विचारलं जातं. कोणते विषय घेता? माध्यम मराठी की इंग्रजी? बॅच किती वाजता? कॉलेज सकाळचं असेल तर जमेल का? शिकवतं कोण? फी किती, हप्ते आहेत का? ‘आमची परंपरा’ काय, हे कोणीही विचारत नाही. म्हणून बाईंनी ई-मेलमध्ये या प्रश्नांची उत्तरं, ज्या क्रमाने फोनवर विचारली जातात त्याच क्रमाने लिहावीत आणि पानही त्याच क्रमाने लावायला सांगावं.

पहिल्या पडद्याचा, म्हणजे बोटाने वर न सरकवता मोबाइलवर जेवढं दिसतं तेवढ्या भागाचा मजकूर मात्र शब्दन्‌शब्द द्यावा : “वरच्या भागात एवढंच हवं : क्लासचं नाव. त्याखाली ‘अकरावी-बारावी कॉमर्स, मराठी आणि इंग्रजी माध्यम, विश्रामबाग, सांगली’. त्याखाली दोन बटणं, ‘फोन करा’ आणि ‘डेमो लेक्चरसाठी व्हॉट्सअॅप करा’. फिरती चित्रं नकोत.” इथे ‘यशाकडे नेणारी वाट’ यासारखी ओळ टाकण्याचा मोह फ्रीलान्सरला होतो, मालकांनाही होतो. पण गुगलवर शोधणारी आई ‘सांगली बारावी कॉमर्स क्लास’ असं टाकते, आणि पान उघडल्यावर आपण बरोबर ठिकाणी आलो का, एवढंच तिला दोन क्षणांत कळायला हवं असतं.

बॅचची वेळ हा पानावरचा सर्वांत उपयोगी मजकूर, आणि बहुतेक पानांवर नेमका तोच नसतो. ‘सकाळ व संध्याकाळ बॅचेस उपलब्ध’ या वाक्याने माधवनगरहून बसने येणाऱ्या मुलीच्या घरचा प्रश्न सुटत नाही. “बारावी : सोमवार ते शनिवार, सकाळी 7 ते 9. अकरावी : सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 5 ते 7” असं लिहिलं की सुटतो. वेळापत्रक बदलतं म्हणून ते पानावर नको, असं काही मालक म्हणतात. बदलत असेल, तर ‘ही वेळ 2026-27 साठी’ असं वर्ष घालावं. पण वेळ द्यावी.

फीबाबत मालकांची खरी अडचण असते. आकडा दिला तर शेजारच्या क्लासला कळतो, आणि पालक समोर येण्याआधीच दूर जातात ही भीती असते. आकडा नसला की काय होतं तेही बघावं. फक्त फी विचारायला येणारे फोन वाढतात, ते प्रत्येक फोन लेक्चर सोडून घ्यावे लागतात, आणि ज्यांना परवडत नाही ते तसेही प्रवेश घेत नाहीतच. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 50 हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी त्या आहेत. शिक्षकांची पात्रता, अभ्यासक्रम, त्याचा कालावधी आणि फी यांची ताजी माहिती वेबसाइटवर असावी, असं त्यांत म्हटलं आहे. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला, तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात रक्कम 10 दिवसांत परत करावी, असंही त्यांत आहे. या सूचना राज्यांनी अमलात आणायच्या आहेत. पण 70 मुलांच्या क्लासने पान बनवतानाच त्यांच्याशी जुळवून घेतलं, तर नंतर पान पुन्हा मोडावं लागत नाही.

तेव्हा ई-मेलमध्ये असं लिहावं : “अकरावी 15,000 रुपये, बारावी 18,000 रुपये, तीन समान हप्ते. छापील नोट्स आणि टेस्ट सिरीज यातच. मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या महिन्यांची फी परत.” इथे जीएसटीचा प्रश्न निघतो. खासगी शिकवणीवर 18 टक्के जीएसटी लागतो, पण वर्षाची उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा-व्यवसायाला साधारणपणे नोंदणी करावी लागत नाही. बाईंच्या क्लासचा हिशेब सोपा आहे. अकरावीच्या 35 मुलांचे सव्वापाच लाख, बारावीच्या 35 मुलांचे सहा लाख तीस हजार, मिळून 11 लाख 55 हजार. बाईंचं दुसरं उत्पन्नाचं काम नसेल, तर त्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. म्हणून त्यांनी फीपुढे ‘अधिक जीएसटी’ लिहायला सांगू नये. तयार साच्यात ते शब्द आधीच असतात आणि कुणाच्या लक्षात न येता तसेच राहून जातात. नोंदणी असलेल्या मोठ्या क्लासने मात्र करासकट पूर्ण रक्कम द्यावी. 18,000 वाचून आलेल्या पालकांना काउंटरवर 21,240 सांगितले, तर तिथेच विश्वास जातो.

आता निकाल. ई-मेलचा हा भाग सर्वांत जपून लिहायचा, कारण इथली चूक क्लासला थेट कायद्याच्या कचाट्यात नेऊ शकते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तोपर्यंत प्राधिकरणाने 45 नोटिसा बजावल्या होत्या आणि 18 संस्थांना मिळून 54 लाख 60 हजार रुपयांचा दंड केला होता. यूपीएससीच्या काही प्रकरणांत घडलं होतं ते असं : संस्थेने यशस्वी उमेदवारांचे फोटो छापले, शेजारी आपल्या महागड्या पूर्ण अभ्यासक्रमांची जाहिरात केली, प्रत्यक्षात त्या उमेदवारांपैकी अनेकांनी तिथे फक्त मुलाखतीचं, तेही मोफत, मार्गदर्शन घेतलेलं होतं. फोटो खरे होते, नावं खरी होती, निकालही खरा होता. वाचणाऱ्याचा समज तेवढा खोटा होत होता, आणि प्राधिकरणाने त्यालाच हरकत घेतली.

म्हणून तत्त्वांमध्ये आता असं आहे की यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा, तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी. फोटोसोबत नाव, क्रमांक आणि त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे द्यायला हवं. त्यासाठी पैसे भरले होते का, तेही. खुलासा बारीक अक्षरांत तळाशी ढकलायचा नाही, मूळ दाव्याइतक्याच मोठ्या अक्षरांत द्यायचा. यशाची हमी देता येत नाही. जागा शिल्लक असताना ‘फक्त शेवटच्या 5 जागा’ अशी खोटी घाई निर्माण करणंही चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत.

सांगलीच्या क्लासला हे लागू करून बघू. गेल्या वर्षी या क्लासची 34 मुलं बारावीला बसली. नऊ जणांना बुक कीपिंगमध्ये 90 किंवा जास्त गुण मिळाले, एका मुलीला 100 पैकी 99. ही 99 वाली मुलगी वर्षभर दुसरीकडे जात होती आणि जानेवारीत फक्त क्रॅश कोर्सला इथे आली. पॅम्प्लेटवर तिचा फोटो सर्वांत मोठा आहे. फ्रीलान्सर पॅम्प्लेटवरूनच पान बनवणार, आणि तिची गोष्ट त्याला माहीत असण्याचं कारण नाही. ती बाईंनीच लिहायला हवी :

“निकालाच्या भागात हे वाक्य मोठ्या अक्षरांत घ्या : ‘मागील वर्षी 34 विद्यार्थी बारावीला बसले, त्यांपैकी 9 जणांना बुक कीपिंगमध्ये 90 किंवा अधिक गुण.’ खाली चार जणांचे फोटो. प्रत्येकाखाली नाव, गुण आणि ‘वर्षभराची बॅच’ किंवा ‘क्रॅश कोर्स, जानेवारी-फेब्रुवारी’ असं नावाइतक्याच अक्षरांत. चौघांच्या सहीची संमतीपत्रं माझ्याकडे आहेत. ज्यांची संमती नाही त्यांचे फोटो पाठवलेले नाहीत, पॅम्प्लेटवरून ते घेऊ नयेत. ‘100% निकालाची हमी’, ‘सांगलीतील नंबर 1’, ‘मर्यादित जागा’ हे शब्द कुठेही नकोत.”

विद्यार्थी अठराच्या आतला असेल, तर संमतीवर पालकांचीही सही घेतलेली बरी. आणि 34 पैकी 9 हा आकडा कमी वाटतो म्हणून लपवावासा वाटला, तरी पालकांच्या नजरेने तो बघावा. एका चमकदार फोटोवरून त्यांना काहीच कळत नाही. 34 पैकी 9 म्हटलं की आपल्या मुलाचा अंदाज बांधता येतो.

पुढचा विषय संपर्काचा. साच्यात हमखास एक फॉर्म असतो : विद्यार्थ्याचं नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा, दहावीचे गुण, ई-मेल, मोबाइल. एवढं भरून द्यायला कोणी थांबत नाही हा एक तोटा. दुसरा असा की अठरा वर्षांखालच्या मुलांच्या व्यक्तिगत माहितीबाबत 2023 चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती मागतो. जी माहिती लागत नाही ती गोळा केली की ती सांभाळण्याची जबाबदारी विनाकारण अंगावर येते. जन्मतारीख डेमो लेक्चरला लागत नाही. बाईंच्या क्लासला फॉर्मच नको; व्हॉट्सअॅपचं बटण पुरे, आणि मेसेज पालकांनी पाठवावा असं बटणाखाली लिहावं. त्या बटणामागची लिंक अशी असते :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=12th%20Commerce%20demo
```

यात X च्या जागी क्लासचा दहा आकडी नंबर येतो. आधी देशाचा 91 हवा, पण अधिकचं चिन्ह किंवा सुरुवातीचा शून्य नको. ती चूक झाली की बटण दिसतं, दाबताही येतं, पण चॅट उघडेलच असं नाही. शेवटचे शब्द पालकांच्या चॅटमध्ये आपोआप लिहून येतात, त्यांनी फक्त पाठवायचं. अकरावीच्या बटणाला 11th आणि बारावीच्या बटणाला 12th ठेवायला सांगितलं, तर कोणत्या वर्गाची चौकशी आली ते बाईंना न विचारता कळतं. ई-मेलमध्ये हा नंबर कोणाच्या हातात असतो तेही लिहावं. लेक्चर चालू असताना फोन बंद राहणार असेल, तर ‘फोन : सकाळी 10 ते दुपारी 4’ असं बटणाशेजारी हवं.

मराठी मजकूर कसा पाठवायचा, यात महाराष्ट्रातली एक खास अडचण आहे. पॅम्प्लेट छापणाऱ्याकडे मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो. तो उचलून पानावर टाकला की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. त्यावर सोपा म्हणून पॅम्प्लेटचा फोटोच पानावर चिकटवला जातो. मग मोबाइलवर तो वाचण्यासाठी दोन बोटांनी मोठा करावा लागतो, आणि त्यातला मजकूर गुगलला नीट वाचता येईल याचा भरवसा नसतो. यावर उपाय असा की सगळा मजकूर मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डने, म्हणजे युनिकोडमध्ये, थेट ई-मेलमध्ये टाइप करायचा आणि लिहायचं : “पानावरचं मराठी युनिकोडमध्ये हवं, चित्रात नको. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल.” दोन्ही फॉन्ट मोफत आहेत.

फोटोंबद्दल थोडक्यात. वर्गाचा, फळ्यासमोर शिकवणाऱ्या बाईंचा आणि रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचा असे तीन खरे फोटो पुरेत. पाटीचा फोटो सर्वांत कामाचा, कारण तो बघून पालक इमारत ओळखतात. मोबाइलने काढलेला फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. तो तसाच टाकला तर पान रखडतं. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असा गुगलचा निकष आहे. फोटो लहान करून टाकणं हे फ्रीलान्सरचं काम, पण तो निकष ई-मेलमध्ये लिहिला की पान ताब्यात घेताना बोलायला आधार राहतो.

आणि शेवटी मालकीचा परिच्छेद, जो जवळपास कोणीच लिहीत नाही. पानाचं नाव, म्हणजे डोमेन, फ्रीलान्सर अनेकदा सोयीसाठी स्वतःच्या खात्यात घेतो. दोन वर्षांनी तो नोकरीला पुण्याला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ई-मेलवर पडते आणि डोमेन सुटतं. गाडीवर, फ्लेक्सवर, नोट्सच्या मुखपृष्ठावर छापलेला पत्ता मग निकामी होतो, किंवा दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात जातो. म्हणून बाईंनी लिहावं :

“डोमेन आणि होस्टिंग माझ्या ई-मेलवर आणि माझ्या मोबाइलवर नोंदवायचं, ओटीपी मला यावा. दरवर्षीचा खर्च किती आणि कोणत्या महिन्यात, ते आत्ताच कळवा. मजकूर मिळाल्यावर दोन वेळा दुरुस्त्या ठरलेल्या पैशांत. त्यानंतरच्या बदलांचा दर वेगळा सांगा. वेळापत्रक, फी आणि निकाल हे तीन भाग मला स्वतःला बदलता यायला हवेत, ते अर्धा तास बसून शिकवून द्या.”

पान तयार झाल्यावर ते ताब्यात घेण्याची रीतही याच ई-मेलमध्ये ठरवून ठेवता येते. फ्रीलान्सरच्या लॅपटॉपवर नव्हे, तर साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर पान उघडायचं. दोन्ही बटणं दाबायची आणि फोन खरंच लागतो का, चॅट खरंच उघडते का ते बघायचं. मग ते पान क्लासशी संबंध नसलेल्या एखाद्या पालकाच्या हातात द्यायचं आणि विचारायचं : बारावीची बॅच किती वाजता आहे, फी किती, शिकवतं कोण? उत्तर शोधायला ते वर-खाली फिरत राहिले, तर क्रम चुकला आहे. न शोधता सापडलं, तर उरलेले पैसे द्यायला हरकत नाही.

पानाची पहिली खरी दुरुस्ती बारावीचा निकाल लागेल तेव्हा येते. जुने फोटो काढून नव्या मुलांच्या संमती घ्यायच्या, 34 च्या जागी नवा आकडा घालायचा, आणि दहावीच्या निकालानंतर अकरावीच्या चौकशा वाढायच्या आत वेळापत्रकावरचं वर्ष बदलायचं.